रुबार्बचे देठ खातात, मग पानं विषारी कशी?

युरोप-अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांत दर वसंतात हा प्रश्न निघतो. बाजारात रुबार्बचे लालसर, उभ्या शिरांचे जाड देठ येतात, पण ते बहुतेक वेळा पानं छाटून आलेले असतात. शेजारच्या बागेतून किंवा शेतावरच्या विक्रीतून आणले, की मात्र देठाच्या टोकाला हातभर रुंद, सुरकुतलेलं, हिरवंगार पान तसंच असतं. मुळ्याचा पाला, बीटची पानं, नवलकोलचा शेंडा यांतलं काहीही वाया न घालवणाऱ्या माणसाला ते कचऱ्यात टाकवत नाही. पातळभाजी होईल का? बेसन लावून वड्या होतील का?

नाही. ती पानं खायची नाहीत, शिजवूनही नाहीत. एवढं लक्षात ठेवलं तरी काम भागतं. पण 'का' हे शोधायला गेलं की दोन टोकाची मतं सापडतात. एका मताप्रमाणे एखादं पान खाल्लं तरी माणूस जातो. दुसऱ्या मताप्रमाणे मरायला पाच किलो पानं खावी लागतील, म्हणजे ही सगळी उगाच पसरवलेली भीती आहे. पहिलं मत चुकीचं आहे हे लगेच दिसतं. दुसरं मला जास्त धोक्याचं वाटतं, कारण त्यामागचं गणित बरोबर आहे आणि त्यातून काढलेला निष्कर्ष चूक आहे. तेच गणित इथे नीट मांडायचं आहे.

आधी झाडाविषयी थोडं

रुबार्ब ही चुक्याच्या कुळातली वनस्पती. आपण ज्याची डाळ घालून पातळभाजी करतो तो आंबट चुका, उपासाचा कुट्टू आणि रुबार्ब हे एकाच कुळातले. रुबार्बचा एक हिमालयी भाऊबंद आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात मिळतो, तो म्हणजे रेवंदचिनी. तिथे विकलं जातं ते वाळलेलं मूळ, आणि ते रेचक म्हणून घेतात. चीनमधून युरोपात शतकानुशतकं गेलं तेही मूळच.

देठ खायची पद्धत त्या मानाने फार अलीकडची. साखर स्वस्त झाल्यावर, अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये रुबार्बचे देठ गोड पदार्थांत पडू लागले. आजही तिथल्या यॉर्कशरमध्ये, वेकफिल्डच्या आसपास, हिवाळ्यात अंधाऱ्या शेडमध्ये रुबार्ब वाढवतात आणि मेणबत्तीच्या उजेडात तोडतात. उजेड न मिळाल्यामुळे देठ कोवळे आणि गुलाबी राहतात, पानं पिवळी आणि खुरटी निघतात.

देठाचा आंबटपणा मुख्यतः मॅलिक ॲसिडचा असतो, म्हणजे कच्च्या सफरचंदात असतं तेच. त्याच्या जोडीला ऑक्झॅलिक ॲसिड असतं. विषाची सगळी गोष्ट या दुसऱ्याची आहे.

ऑक्झॅलिक ॲसिड करतं काय

हे आम्ल निसर्गात काही दुर्मीळ नाही. पालकात आहे, चुक्यात आहे, बीटच्या पानात आहे, कुंडीत आपोआप उगवणाऱ्या आंबुशीत आहे. आपल्या शरीरातही ते थोडं थोडं तयार होत असतं आणि लघवीवाटे बाहेर पडत असतं.

त्याचा घातकपणा आंबटपणात नाही. घट्ट द्रावण तोंडाला आणि घशाला भाजतं हे खरं, पण माणूस दगावतो तो वेगळ्या कारणाने. या आम्लाचा ऑक्झलेट नावाचा जो भाग आहे, त्याला कॅल्शियमची विलक्षण ओढ आहे. दोघं भेटले की लगेच जोडी जमते आणि पाण्यात जवळजवळ न विरघळणारे कॅल्शियम ऑक्झलेटचे खडे बनतात. ही जोडी आतड्यात जमली तर बरंच, खडे शौचावाटे निघून जातात. ती रक्तात जमली तर दोन संकटं एकदम येतात.

पहिलं संकट रक्तातल्या कॅल्शियमचं. हे कॅल्शियम हाडांसाठीच लागतं असं नाही. मज्जातंतूंतून संदेश जायला, स्नायू आवळायला आणि सुटायला, हृदयाचा ठोका नीट पडायला ते सतत लागतं. ते घसरलं की ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येतात, हातापायांत पेटके येतात, आणि फारच घसरलं तर हृदयाची लय बिघडते.

हे किती थोड्यात होऊ शकतं ते पाहा. मोठ्या माणसाच्या रक्तातला द्रवभाग साधारण तीन लिटर धरला, तर त्यातलं सगळं कॅल्शियम मिळून जेमतेम 300 मिलिग्रॅम भरतं. 1 ग्रॅम कॅल्शियम सव्वादोन ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिडला बांधतं. म्हणजे रक्तात फिरणारं सगळं कॅल्शियम अडकवायला कागदावर 700 मिलिग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड पुरतं. प्रत्यक्षात तसं घडत नाही, कारण हाडं तातडीने नवं कॅल्शियम सोडतात आणि खाल्लेल्या ऑक्झलेटचा थोडाच भाग रक्तात उतरतो. नेहमीच्या जेवणात हा भाग साधारण 5 ते 10 टक्के असतो. पण रिकाम्या पोटी, भरपूर आणि विरघळलेल्या स्वरूपात ते गेलं तर हे प्रमाण वाढतं. शरीराची ढाल म्हणजे एवढंच: आतड्यातली अडवणूक आणि हाडांतला साठा.

दुसरं संकट मूत्रपिंडांचं. रक्तात शिरलेलं ऑक्झलेट बाहेर टाकायचं काम त्यांचंच. लघवी घट्ट होत जाते तसे तिथल्या बारीक नलिकांत खडे बनतात, नलिका बुजतात, त्यांच्या पेशी मरतात. काही तासांत किंवा एखाद-दोन दिवसांत लघवी कमी होते, कधी बंदच पडते. पहिल्या संकटातून वाचलेला माणूस या दुसऱ्यात सापडू शकतो.

एडिंबरोच्या रॉबर्ट क्रिस्टिसन यांनी आपले सहकारी क्वांदे यांच्याबरोबर 1823 साली या विषावर प्रयोग प्रसिद्ध केले. त्या काळात ऑक्झॅलिक ॲसिडची पांढरी पूड धातू आणि चामडं साफ करायला घरोघर असायची. जुलाबासाठी घेतात ते एप्सम मीठ दिसायला तिच्यासारखंच, त्यामुळे चुकून ही पूड पाण्यात घालून पिणारे लोक मरत. उतारा म्हणून पाण्यात खडूची पूड कालवून पाजत. खडू म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. विषाला पोटातच कॅल्शियम भेटवायचं, रक्तापर्यंत जाऊ द्यायचं नाही, हा विचार तेव्हाही अचूक होता.

पाच किलोंचं गणित

उंदरांवरच्या प्रयोगांत शरीराच्या दर किलो वजनामागे सुमारे 375 मिलिग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड दिल्यावर निम्मे उंदीर मरतात. हाच आकडा 65 किलोच्या माणसाला लावला तर साधारण 24 ग्रॅम होतात. रुबार्बच्या पानात अर्धा टक्का ऑक्झॅलिक ॲसिड धरतात, म्हणजे 100 ग्रॅम पानात अर्धा ग्रॅम. 24 ग्रॅम गाठायला 4.8 किलो पानं लागतील. पाच किलोंचा आकडा आला तो इथून.

बेरीज-गुणाकारात चूक नाही. चूक आहे ती त्यातल्या तीन गृहीतकांत.

एक तर हा आकडा निम्मे मरण्याचा आहे, आजारी पडण्याचा नाही. मूत्रपिंडं त्याच्या कितीतरी आधी बिघडू शकतात. दुसरं, तो उंदरांचा आहे. माणसांच्या बाबतीत 5 ग्रॅमच्या आसपास ऑक्झॅलिक ॲसिड पोटात जाऊन मृत्यू झाल्याच्या नोंदी आहेत, जरी नेहमी सांगितलं जाणारं घातक प्रमाण 15 ते 30 ग्रॅम असलं तरी. तिसरं, अर्धा टक्का हा सरासरीचा अंदाज आहे. जात, पानाचं वय, हंगाम यांप्रमाणे तो बदलतो आणि एक टक्क्याजवळही जातो.

आता गणित पुन्हा मांडू. 5 ग्रॅम आणि एक टक्का धरला तर पाच किलोंऐवजी अर्धा किलो पानं होतात. अर्धा किलो कच्चा पाला कुणी बसून खाणार नाही, हे मान्य. पण तो शिजवला तर? पालकाच्या दोन मोठ्या जुड्या कढईत चेपून चेपून भराव्या लागतात आणि पाच मिनिटांत त्यांची एक वाटी भाजी होते, हे रोज स्वयंपाक करणाऱ्याला सांगायला नको. अर्धा किलो पाला शिजवून ताटात वाढला, तर तो एका भुकेल्या माणसाचं एका वेळचं खाणं आहे.

मला या सगळ्या विषयातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते. रुबार्बच्या पानाने माणसं दगावली ती बागेत कुणीतरी पान कुरतडलं म्हणून नव्हे. ती पालेभाजी म्हणून शिजवली, पोटभर खाल्ली, तेव्हा.

पालेभाजी म्हणून खाल्ल्याचा इतिहास

पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये भाजीपाल्याची टंचाई झाली, तेव्हा पालकाऐवजी रुबार्बची पानं शिजवून खा असा सल्ला लोकांना दिला गेला. त्यातून विषबाधा झाल्या, मृत्यू झाले, आणि सल्ला मागे घ्यावा लागला. तो देणाऱ्यांचं चुकलं कुठे हे कळण्यासारखं आहे. देठ तर सगळं राष्ट्र खात होतं. त्याच झाडाचं पान दिसायला पालेभाजीसारखं, चवीला आंबटसर, आणि चुक्यासारख्या भाज्या त्यांच्याकडेही खाल्ल्या जात.

1919 साली अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात रुबार्बच्या पानांमुळे झालेल्या मृत्यूची नोंद आली. तिच्या शीर्षकातच मृत्यूचं कारण ऑक्झॅलिक ॲसिड असं दिलं होतं. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला फिनलंडच्या बालरोगतज्ज्ञांनीही पानं खाऊन विषबाधा झालेल्या मुलांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या, त्यांत एका मुलाचा मृत्यू होता. मुलांचं वजन कमी, त्यामुळे थोड्या पानांतही प्रमाण मोठं होतं, हे वरच्या गणितावरून लक्षात येईलच.

ऑक्झलेटने माणूस कसा जातो हे सर्वांत स्पष्ट दिसतं ते मात्र रुबार्बच्या नव्हे, त्याच्या कुळातल्या दुसऱ्या एका पानाच्या प्रकरणात. 1989 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधल्या डॉक्टरांनी 53 वर्षांच्या एका गृहस्थाची हकिकत दिली. त्यांना इन्सुलिन घ्यावं लागणारा मधुमेह होता. त्यांनी रानचुक्याचं सूप प्यायलं, त्यात अंदाजे अर्धा किलो पाला होता. डॉक्टरांच्या हिशेबाने त्यांच्या पोटात 6 ते 8 ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड गेलं. उलट्या-जुलाब झाले, रक्तातलं कॅल्शियम घसरलं, मूत्रपिंडं आणि यकृत निकामी झालं आणि ते वारले. तपासणीत मूत्रपिंडांत कॅल्शियम ऑक्झलेटचे खडे सापडले.

या हकिकतीत सगळे धागे एकत्र येतात. पाला शिजवून आटलेला. सूप असल्यामुळे पाण्यात उतरलेलं सगळं ऑक्झलेट त्या पाण्यासकट पोटात गेलेलं. खाणारा एकटा, आणि मुळात आजारी. 24 ग्रॅमचा आकडा इथे गाठला गेला नव्हता, त्याच्या तिसऱ्या हिश्शापर्यंतच तो पोहोचला होता.

हे वाचून चुक्याच्या भाजीची धास्ती घ्यायचं कारण नाही. आपल्याकडे एक जुडी चुका चार-पाच माणसांत जातो, त्यात डाळ आणि शेंगदाणे असतात, आणि तो रोज होत नाही. ज्यांना मुतखडा झालेला आहे किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे त्यांनी मात्र चुका, पालक आणि रुबार्बचे देठही किती खायचे हे आपल्या डॉक्टरांना विचारावं. बहुतेक मुतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचेच असतात.

शिजवून विष जात नाही का?

अळूचा अनुभव असल्यामुळे हा प्रश्न मराठी माणसाला पडणारच. अळू कच्चा खाल्ला तर घसा खाजतो, चिंच घालून नीट शिजवला तर खाजत नाही. तिथेही कॅल्शियम ऑक्झलेटच आहे, पण ते सुयांच्या आकाराच्या स्फटिकांच्या रूपात पेशींत बसलेलं असतं आणि तोंडाला टोचतं. ते आधीच कॅल्शियमशी जोडलेलं, न विरघळणारं, त्यामुळे त्याचा बहुतेक त्रास तोंडाघशापुरताच राहतो.

रुबार्बच्या पानातलं बरंचसं ऑक्झलेट मोकळं किंवा पोटॅशियम, सोडियम यांच्याबरोबर विरघळणाऱ्या स्वरूपात असतं. ते टोचत नाही, ते शोषलं जातं. आणि ऑक्झॅलिक ॲसिड उकळत्या पाण्याच्या उष्णतेला मोडत नाही. उकळून पाणी ओतून दिलं तर थोडं कमी होतं, पण पानात किती होतं आणि किती उरलं हे चुलीपाशी उभं राहून कळायला काही मार्ग नाही. पाणी ठेवलं तर काहीच कमी होत नाही.

भाजी हिरवी राहावी, लवकर शिजावी म्हणून चिमूटभर सोडा घालायची सवय काही घरांत असते. इथे तो उलटा पडतो. सोड्याने आंबटपणा मरतो, म्हणून विषही मेलं असं वाटतं. पण विष आंबटपणात नसून ऑक्झलेटमध्ये आहे. सोडा पडल्यावर त्याचं सोडियम ऑक्झलेट होतं, ते पाण्यात विरघळतं आणि कॅल्शियम ओढायला तितकंच तयार असतं. शिवाय जी आंबट चव खाणाऱ्याला हात आखडायला लावते तीच गेल्यामुळे माणूस जास्त खातो.

मग देठ कसे चालतात?

देठात ऑक्झॅलिक ॲसिड नसतं असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं असतं. ते खरं नाही. देठांच्या मोजण्यांत 100 ग्रॅममागे एकूण ऑक्झलेट 300 मिलिग्रॅमपेक्षा कमी ते 1300 मिलिग्रॅमपर्यंत मिळालेलं आहे. म्हणजे काही देठ आकड्यांत काही पानांच्या बरोबरीला येतात. पालकही याच पट्ट्यात बसतो.

तरीही देठ दोनशे वर्षं लाखो लोक खात आले आणि पानांसारख्या मृत्यूच्या नोंदी देठांच्या वाट्याला आल्या नाहीत. त्याचं बरंचसं उत्तर खाण्याच्या पद्धतीत आहे. देठ इतके आंबट असतात की साखर घालूनही माणूस 100-150 ग्रॅमच्या पुढे जात नाही. 100 ग्रॅमला 500 मिलिग्रॅम धरलं, तर 150 ग्रॅममध्ये पाऊण ग्रॅम ऑक्झलेट झालं, आणि त्यातला काही भाग आधीच कॅल्शियमशी बांधलेला असतो. एका मोठ्या वाटीभर पालकाने साधारण तेवढंच जातं. शिवाय ब्रिटनमध्ये रुबार्ब कस्टर्डबरोबर खायची जुनी रीत आहे. कस्टर्डमध्ये दूध, दुधात कॅल्शियम. 200 मिलिलिटर दुधात सुमारे 240 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, आणि ते साधारण अर्धा ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिडला बांधू शकतं. ते सगळंच्या सगळं बांधेल असं नाही, पण आतड्यातली अडवणूक भक्कम होते. शिजवलेला रुबार्ब खाताना दातांवर किरकिरल्यासारखं वाटतं, दात एकमेकांवर घासले की खरखरतात. पालक खाल्ल्यावरही तसंच होतं. तोंडात ऑक्झलेट आणि लाळेतलं कॅल्शियम भेटल्याचा तो परिणाम.

पण एवढ्याने सगळा हिशेब जुळतो असं मला वाटत नाही. पालकाची भाजीही वाटी-दोन वाट्या खाल्ली जाते, तिच्यातही ऑक्झलेट भरपूर, तरी पालकाने माणसं रुग्णालयात जात नाहीत. रुबार्बच्या पानात आणखी काहीतरी असावं, असा संशय म्हणूनच जुना आहे.

तो संशय आहे ॲंथ्राक्विनोन गटातल्या द्रव्यांवर. रेवंदचिनीच्या मुळाला रेचक करणारी द्रव्यं ती हीच. सोनामुखीच्या पानाने जुलाब होतात तेही याच गटामुळे. रुबार्बच्या पानातही ती आहेत आणि ऑक्झलेटच्या जोडीने विषबाधेत त्यांचा हात असावा असं अनेकांनी सुचवलेलं आहे. माणूस मरतो तो त्यांच्यामुळे, असं मात्र सिद्ध झालेलं नाही. माझं स्वतःचं मत असं की त्यांना मुख्य आरोपी ठरवायची गरजच नाही. उलट्या-जुलाबांनी शरीरातलं पाणी गेलं की लघवी घट्ट होते, आणि घट्ट लघवीत ऑक्झलेटचे खडे लवकर बनतात. एकट्या ऑक्झलेटने जे प्रमाण सोसलं गेलं असतं, ते पाणी आटलेल्या शरीरात सोसलं जात नाही. हा तर्क आहे, पण शरीराच्या ज्ञात कामाशी जुळणारा आहे. प्रत्यक्षात, मूत्रपिंडांत सापडतात ते खडे कॅल्शियम ऑक्झलेटचेच. म्हणून 'विष कोणतं' या प्रश्नाला आजचं उत्तर ऑक्झॅलिक ॲसिड आणि त्याचे विरघळणारे क्षार, असंच द्यावं लागतं.

खाल्लं गेलंच तर

लहान मुलाने पानाचा तुकडा चावला तर बहुधा तोंडात जळजळ, मळमळ, फार तर एखादी उलटी एवढ्यावर भागतं. चव इतकी आंबट की पुढचा घास सहसा घेतला जात नाही. तरीही तोंड धुवून, उरलेला चोथा काढून, तिथल्या विषमाहिती केंद्राला किंवा डॉक्टरांना फोन करून किती खाल्लं ते सांगावं. पोटात गेलेलं बाहेर काढायला मुद्दाम उलटी करवू नये, आंबट जळजळणारं द्रव्य घशातून दुसऱ्यांदा जातं.

शिजवलेली भाजी खाल्ली असेल तर लक्षणांची वाट न बघता रुग्णालयात जावं आणि पान बरोबर न्यावं. पोट दुखणं, उलट्या, जुलाब हे आधी दिसतं. ओठांना, बोटांना मुंग्या, हाताचे पंजे आपोआप आवळणं, छातीत धडधड ही कॅल्शियम घसरल्याची खूण. लघवी कमी होणं, कमरेच्या वरच्या बाजूला दुखणं ही मूत्रपिंडांची. पोट शांत झालं म्हणून धोका टळला असं धरू नये, कारण मूत्रपिंडांचा त्रास मागाहून उघड होतो. रुग्णालयात शिरेतून कॅल्शियम देतात, सलाइनने लघवीचा प्रवाह चालू ठेवतात, हृदयाची लय आणि रक्ततपासण्या बघत राहतात. मूत्रपिंडं थकली तर डायलिसिस करावं लागतं, पण त्यातून ती पुष्कळदा पुन्हा काम करू लागतात.

देठ आणले असतील तर पान जिथे सुरू होतं त्याच्या बोटभर खाली कापायचं. देठाला पान चिकटून आलं म्हणून देठ बाटत नाही. हिरवा देठ कच्चा आणि लाल देठ पिकलेला असंही नाही, रंग जातीप्रमाणे असतो आणि दोन्ही खातात. कडक थंडी पडून गेल्यावर लिबलिबीत झालेले, काळवंडलेले देठ मात्र टाकून द्यावेत. एक गल्लत जपावी: स्विस चार्ड नावाच्या भाजीचेही देठ लाल आणि पानं मोठी असतात, आणि तिची पानं खातात. चार्डचं पान लांबट आणि तुकतुकीत असतं. रुबार्बचं रुंद, बुडाशी हृदयाकृती, काठ लहरी असलेलं आणि देठ वर उभ्या शिरांचा. ओळख पटत नसेल तर पान खाऊ नये.

कापलेली पानं कोंबड्या, शेळ्या, ससे यांना घालू नयेत, त्यांनाही हेच विष बाधतं. खताच्या ढिगात ती खुशाल टाकावीत. मातीतले जिवाणू ऑक्झॅलिक ॲसिड मोडून टाकतात आणि त्या खतावर लावलेल्या भाजीत ते परत येत नाही.